सत्तावीस किलोंची ट्रंक

केरबा ज्ञानू यादव हा गवंडी माणूस. गाव शेणोली, तालुका कऱ्हाड. त्यानं बांधलेली भिंत ओळंब्याला सुतभर चुकली तर तो ती स्वतः पाडायचा आणि त्या दिवसाची हजेरी मागायचा नाही. मालक म्हणायचा, राहू दे, कुणाला दिसतंय. केरबा म्हणायचा, मला दिसतंय. एवढ्यावर बोलणं संपायचं.

अशा माणसाच्या हातून एकच मोठी चूक झाली. ती चूक नव्हती असंही म्हणता येईल. पण केरबा स्वतः तिला चूकच म्हणायचा.

सत्त्याहत्तर साली तो मस्कतला होता. दोन वर्षांचा करार होता. बरोबर आटपाडीच्या पलीकडच्या एका वाडीचा नाथाजी होता. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, घरी एकटी आई. केरबानंच त्याला थापी धरायला शिकवलं होतं आणि केरबाच्याच शब्दावर त्या आईनं, राहीबाईनं, पोराला समुद्रापलीकडं धाडलं होतं. एप्रिलच्या वीस तारखेला परांचीची एक फळी निसटली आणि नाथाजी तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. तिथं हिंदूंचं स्मशान आहे. बावीस तारखेला केरबानं त्याला अग्नी दिला. राख गार झाल्यावर अस्थी वेचल्या, तांब्याच्या गडूत भरल्या आणि वर पांढरं फडकं बांधलं.

राहीबाईचं पत्र दुसऱ्याच्या हातचं, तीन ओळींचं आलं. आमच्याकडं नदी नाही, पोराला कृष्णेत सोडायचं, तू आण.

केरबाचा करार संपतच आला होता. कंपनीनं सात मेचं तिकीट काढून दिलं. तोवर गडू मजुरांच्या बराकीत न ठेवता मागच्या खजुरीला टांगला होता. अस्थी घरात आणू नयेत, जेवणाखाण्याच्या जागी ठेवू नयेत, भुईला टेकवू नयेत, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी तो बराकीमागं खजुरीखाली ट्रंक भरायला बसला. हिरवी पत्र्याची ट्रंक, फौजी माणसाकडं असते तसली. झाकणावर त्यानं पांढऱ्या ऑइलपेंटनं ठळक लिहून घेतलं होतं : केरबा ज्ञानू यादव, मु. पो. शेणोली, ता. कऱ्हाड, जि. सातारा. आत हत्यारं. दोन थाप्या, ओळंबा, पाणसळ, गुण्या, तीन छिन्न्या, हातोडा. हातोडा बापाचा. वर कपडे. मग तो गडूकडं पाहत थांबला.

हातात धरून न्यावा तर विमानात जेवण वाढतात, हे येताना त्यानं पाहिलं होतं. शेजारी बसलेला माणूस मांडीवर ताट घेणार आणि आपल्या मांडीवर अस्थी. पायाशी ठेवावा तर भुईला टेकणार. त्यानं बराच वेळ विचार केला. शेवटी गडू धुतलेल्या धोतरात गुंडाळला, पागोटं फाडून चारी बाजूंनी आवळून बसवला आणि ट्रंकेत मधोमध ठेवला. कुठं आपटू नये अशी ती मांडणी होती. बांधकामातला माणूस, नाजूक वस्तू कशी बसवायची ते त्याला कळत होतं.

शालूबाईसाठी, म्हणजे बायकोसाठी, घेतलेला ट्रान्झिस्टर मात्र ट्रंकेत फुटेल म्हणून त्यानं हातात घेतला.

विमानतळावर ट्रंक काट्यावर ठेवली. सत्तावीस किलो भरली. वीस फुकट, वरच्या सातांचे पैसे भरून त्यानं पावती घेतली. ट्रंकेच्या कडीला नंबराची पट्टी अडकवली आणि तिचा तुकडा त्याच्या तिकिटाला टाचून दिला. पावती त्यानं तिकिटातच ठेवली. केरबा कुठलीच पावती फेकत नसे.

विमान वाटेत एका शहरात उतरणार होतं. उतरलं ते तिथंच राहिलं. इंजिनात काही बिघडलं म्हणाले. दुपारी म्हणाले, तासाभरात निघू. संध्याकाळी म्हणाले, दुसरं विमान येतंय. सगळ्यांना काचेच्या एका हॉलमध्ये बसवलं. एकदा चहा, एकदा पाव. राहीबाईला तार करायची आहे असं केरबानं खिडकीशी हातवारे करून सांगितलं, तर तिथला माणूस पुन्हा पुन्हा घड्याळ दाखवत होता. एकोणीस तासांनी दुसऱ्या विमानात बसवलं.

मुंबईत पहाटे सांताक्रूझला उतरल्यावर सामान फिरतं तो पट्टा थांबेपर्यंत केरबा उभा होता. पट्टा थांबला. ट्रंक नव्हती. अशी आणखी अकरा माणसं होती.

विमान कंपनीचा माणूस फॉर्म भरत होता. रंग, आकार, आत काय. रांग मागं वाढत होती. केरबा म्हणाला, कपडे आणि गवंडीकामाची हत्यारं. पुढचं त्याच्या ओठांवर आलं होतं. मागं एक बाई पोराला खाऊ भरवत उभी होती. कस्टमचा साहेब बाजूलाच शिक्का घेऊन बसला होता. अस्थी म्हटलं की चार प्रश्न होणार आणि ते सगळ्यांसमोर होणार. शिवाय तो माणूस म्हणत होता, उद्याच्या विमानानं येईल. उद्याच येणार असेल तर कशाला. केरबा गप्प बसला, कार्बनची प्रत घेतली आणि एस.टी. स्टँडवर आला.

जागा रात्रीच्या गाडीत मिळाली, सांगलीला ती सोमवारी उजाडता पोचली. मस्कतहून केलेल्या तारेत त्यानं रविवार सकाळ आणि सांगलीचा घाट कळवला होता. कृष्णेच्या घाटावर राहीबाई पायरीवर बसून होती. रविवारचा अख्खा दिवस ती तिथंच होती, पाण्याशिवाय तोंडात काही घेतलं नव्हतं. भटजी दोनदा येऊन गेले होते. जवळ तिचा दीर भाऊसो पंचा पसरून पडला होता. केरबाला पाहून तो उठला आणि त्यानं आधी त्याच्या हाताकडं पाहिलं.

"गडू कुठं हाय?"

"ट्रंकेत. ट्रंक मागं राहिली. उंद्याच्या विमानानं यील."

"आन् ह्ये काय?"

केरबाच्या खांद्याला ट्रान्झिस्टर होता. तो उतरून ठेवायचं सुचलंच नव्हतं.

"रेडू मांडीवर बसवून आणलास व्हय," भाऊसो म्हणाला. "आन् पोराला मालात घातलास. झ्याक."

केरबानं ट्रान्झिस्टर खांद्यावरून उतरवला. त्याच्याजवळ खरं उत्तर होतं, पण ते घाटावर उभं राहून सांगायचं नव्हतं.

राहीबाई म्हणाली, "भाऊसो, गप. केरबा, लेका, यील ना रं?"

"यील, मावशी. पावती हाय माझ्याजवळ. म्या आणून देतो."

"मग झालं. तवर म्या गोड खात न्हाई."

ट्रंक उद्या आली नाही. परवाही नाही. केरबानं कऱ्हाडहून मुंबईला तीनदा ट्रंककॉल लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा कुणीतरी इंग्रजीत बोललं आणि कट झालं. तेव्हा तो तिकीट, फॉर्म आणि पावती पिशवीत घालून सांगलीला विश्रामबागेत गंगाधर माईणकरांच्या दारात गेला.

माईणकर कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसत. अर्ज, नोटिसा, करारनामे. इंग्रजी पक्कं. त्यांच्या घराचं जोतं आणि पुढची भिंत केरबानंच बांधली होती, आणि ती बारा वर्षांत कुठं तडकली नव्हती. माईणकरांनी चष्मा लावून तिकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचला. बराच वेळ वाचला.

"केरबा, हे वाचलंस तू?"

"इंग्रजी मला कुठलं. काय म्हणतंय?"

"सामान हरवलं तर किलोवर भरपाई. किलोला वीस डॉलर. आत सोनं असो नाहीतर चिंध्या, वजनावर."

"गुळासारखं."

"गुळाची प्रत तरी बघतात. आणि लेखी तक्रार वेळेत हवी. आज तेरावा दिवस. बरं झालं आलास. विमानतळावरचा फॉर्म आहे, पण तो पुरत नाही. आपलं पत्र रजिस्टर करून, पोचपावतीसकट."

त्यांनी कागद चढवला, खाली कार्बन घातला. केरबा सांगत गेला, माईणकर इंग्रजी करत गेले. विनंती, मेहेरबानी असले शब्द केरबानं घालू दिले नाहीत.

"आमी भीक मागत न्हाई. लिवा, तुमचं इमान एकुणीस तास अडीकलं. तार करू दिली न्हाई. सांगलीत लोकं दोन दिस ताटकळली. त्याचं उत्तर पायजे."

"उशिराचं ते म्हणतील, आम्ही शक्य ते सगळं केलं. तसं केलं असेल तर कायदा त्यांना सोडतो."

"भिंत पडल्यावर म्याबी म्हणीन, शक्य त्ये क्येलं. मालक सोडंल व्हय?"

माईणकर हसले आणि तेही टाइप केलं, जरा सभ्य करून. मग यादी. थापी, दोन. ओळंबा, पितळी, एक. पाणसळ, पंधरा इंची. केरबानं हातोड्याचं वजनसुद्धा सांगितलं. प्रत्येकापुढं किंमत. बापाच्या हातोड्याची किंमत त्यानं नव्या हातोड्याएवढीच लावली. जास्त लावणं त्याला खोटं वाटलं.

"आणखी काही?"

"एक गडू. तांब्याचा."

"किंमत?"

केरबा पिशवीचं तोंड आवळत राहिला.

"अरे, गडूला किती पडले?"

"गडूचं न्हवं. आत नाथाजी हाय."

माईणकरांनी हात टाइपरायटरवरून उचलून मांडीवर ठेवले. आतून त्यांच्या पत्नीनं चहा आणला, दोघांचे चेहरे पाहिले आणि कप खाली ठेवून ती परत गेली.

"विमानतळावर हे सांगितलं नाहीस?"

"न्हाई."

"का?"

"लोकं हुती. एक बाई पोराला भरवत हुती."

माईणकरांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "आता लिहिलं तर म्हणतील, मागाहून घुसडलं. पहिल्या फॉर्मात नाही. पैशात त्याचा उपयोग होणार नाही, उलट बाकीच्या यादीवर शंका घेतील."

"पैशासाठी न्हाई लिवायचं. त्यास्नी कळाया पायजे, पेटीत काय हाय. कळलं की हुडकतील. माणूस हाय म्हणल्यावर हुडकत्यात."

"किंमत काय घालू?"

"रेघ मारा."

माईणकरांनी रेघ मारली.

शेवटी ट्रंक ओळखायची कशी, हे लिहायचं होतं. केरबा म्हणाला, "झाकणावर माझं नाव हाय, गाव हाय, समदं हाय." माईणकर म्हणाले, "पण मराठीत ना? तिथं वाचणार कोण?" मग त्यांनाच सुचलं. टाइप केलेल्या पत्राच्या तळाला त्यांनी जागा सोडली आणि केरबाला दौत-टाक दिला. "झाकणावर होतं तसंच काढ. त्यांना वाचता आलं नाही तरी ताडून तर बघता येईल. चित्र म्हणून."

केरबानं पाऊण तास घालवून ती अक्षरं काढली. ओळी सरळ याव्यात म्हणून पट्टी धरली. 'जि. सातारा' ही साधी अक्षरंही त्यानं पुन्हा पुन्हा निरखली. इंग्रजीत माईणकरांनी खाली लिहिलं : ट्रंकेच्या झाकणावर हीच अक्षरं, याच क्रमानं, पांढऱ्या रंगात आहेत.

वीस मेला पत्र रजिस्टरनं गेलं. सव्वीसला गुलाबी पोचपावती सही-शिक्क्यानिशी परत आली. केरबानं ती पिशवीत ठेवली.

जूनमध्ये कंपनीचं उत्तर आलं. दिलगीर आहोत, शोध चालू आहे. उशिराबद्दल जबाबदारी नाही. अस्थींबद्दल अक्षर नव्हतं. केरबा आटपाडीला जाऊन राहीबाईला सांगून आला, हुडकत्यात म्हणून. भाऊसो ओट्यावर पान लावत बसला होता. म्हणाला, "हुडकत्यात व्हय. रेडू काय म्हणतोय, बातम्यात काय सांगितलं का?" केरबानं घरी ट्रान्झिस्टर अजून लावलाच नव्हता. शालूबाईनं तो फडक्यात बांधून फळीवर ठेवला होता. तिलाही लाव म्हणायचा धीर होत नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी दुसरं पत्र. ट्रंक सापडत नाही, सबब वीस किलोंची भरपाई मंजूर. माईणकरांनी वाचून दाखवलं तसा केरबा ताठ झाला.

"वीस कसं? सत्तावीस."

"तिकिटावर वजनाचा आकडा नीट उमटलेला नाही. मग ते फुकटचे वीस धरतात."

केरबानं पिशवीतून सात किलोंच्या जादा वजनाची पावती काढून टेबलावर ठेवली. माईणकरांनी ती उलटून-पालटून पाहिली. "शाबास. वकिलाला असले पक्षकार मिळत नाहीत." पावतीची साक्षांकित नक्कल आणि कडक पत्र गेलं. सप्टेंबरात कंपनीनं सत्तावीस मान्य केले. सोबत एक छापील फॉर्म होता. सही केली की पैसे. त्यात लिहिलेलं माईणकरांनी सांगितलं : ही भरपाई पूर्ण आणि अखेरची. पुढं काही मागणं नाही.

"म्हंजे हुडकायचं थांबलं."

"थांबलंच असेल, केरबा."

"त्यांनी तसं कुठं लिवलंय? सही केली तर म्याच थांबीवलं असं हुईल."

"दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. तोवर घाई नाही. पण पैसे अडकतील. तुझी हत्यारं गेलीत, उसन्या थापीवर काम करतोस."

"करतो की."

ऑक्टोबरात तो मुंबईला गेला. कंपनीचं ऑफिस समुद्राच्या बाजूला होतं, गारेगार. तक्रारींच्या टेबलामागं पद्मा नाडकर्णी नावाच्या बाई होत्या. केरबा मराठी बोलतोय हे पाहून त्यांनी खुर्ची दिली, जाडजूड फाइल काढली आणि चाळता चाळता त्या एका पानावर थांबल्या. ते केरबाचं मेमधलं पत्र होतं. तळाला त्याची अक्षरं.

"ही तुम्ही काढलीत?"

"व्हय."

"हे पुढं पाठवलं गेलं का तेच बघते." त्यांनी पुढची पानं उलटली, परत मागं आल्या. मग हळूच म्हणाल्या, "टेलेक्सनं जातं ना सगळं. टेलेक्सवर फक्त इंग्रजी अक्षरं जातात. 'हिरवी ट्रंक, वर लिखाण', एवढंच गेलेलं दिसतंय. पत्र इथंच राहिलं."

"माझा कागुद ह्या फायलीतच हुता? पाच म्हैनं?"

बाईंनी मान हलवली. त्यांनी सारवासारव केली नाही, हे केरबानं पुढं आयुष्यभर लक्षात ठेवलं.

"बाई, मला पैसं वाढवून नकोत," तो म्हणाला. "पेटी कुठं राहिली, कुणी उघडली, गडूचं काय केलं, ह्ये लिवून द्या. त्ये आल्याबिगर सही करणार न्हाई. आन् खोटं लिवू नका. त्या म्हातारीला म्या वाचून दाखवणार हाय."

"मी स्वतः पाठवते. पत्राची फोटोकॉपी विमानानं पाठवते. उत्तर आलं की तुम्हाला कळवीन. काहीही आलं तरी."

डिसेंबरात आलं. माईणकरांनी पाकीट फोडलं, एकदा मनात वाचलं आणि नंतर खाली पेन्सिलीनं ओळीओळीनं मराठी करून दिलं. केरबाला ते स्वतः वाचायचं होतं.

त्या वाटेतल्या शहरात विमान बदलताना ट्रंकेची पट्टी तुटून पडली होती. बेवारस मालाच्या कोठीत ट्रंक ठेवली. नोंद अशी : हिरवी लोखंडी पेटी, झाकणावर अनोळखी लिपीत पांढऱ्या खुणा. नव्वद दिवस वाट पाहून ऑगस्टच्या आठ तारखेला नियमाप्रमाणं उघडली. आत मालकाचं नाव सांगणारा कागद नाही. हत्यारं आणि कपडे लिलावात. एक धातूचं भांडं, आत राख. किंमत नाही म्हणून आतला माल कचऱ्याबरोबर भट्टीत जाळला. भांडं मोडीत.

केरबानं कागदाची घडी घातली. "मेच्या सव्वीसला माझा कागुद त्यांच्या टेबलावर हुता," तो म्हणाला. "ऑगस्टच्या आठला पेटी उघडली. अडीच म्हैनं नाव झाकणावर हुतं, आन् नाव कागदावर हुतं."

"हा हलगर्जीपणा आहे," माईणकर म्हणाले. "दावा लावला तर वजनाची मर्यादा कदाचित मोडता येईल. पण मुद्दाम केलं किंवा परिणाम माहीत असून केलं, हे सिद्ध करावं लागतं. मुंबईचा वकील, वर्षं, खर्च. जिंकू असं सांगत नाही."

"जिकलो तर नाथाजी कुठनं आणत्याल?"

केरबा आटपाडीची गाडी धरायला उठला.

वाडीत तो पोचला तेव्हा राहीबाई ज्वारी पाखडत होती. ओट्यावर भाऊसो होता. केरबानं खाली बसून कागद उलगडला आणि पेन्सिलीतलं मराठी जसंच्या तसं वाचलं. एकही शब्द गाळला नाही. कचऱ्याबरोबर हा शब्दसुद्धा. तो वाचताना आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा वाचला.

भाऊसोनं तोंडातलं पान थुंकलं. उठून आत गेला.

राहीबाईचं सूप मांडीवर तसंच राहिलं होतं.

"म्हंजे पुन्यांदा जाळला," ती म्हणाली.

"व्हय, मावशी."

"जवळ कोण हुतं?"

"कुणीबी नव्हतं. म्हंजे आपलं कुणी नव्हतं."

"पयल्यांदा तू हुतास."

"हुतो."

"त्ये लिवलंय का ह्यात?"

"न्हाई."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "भट्टीची राख कुठं टाकत्यात?"

"ठावं न्हाई. समुद्राचं गाव हाय, एवढं म्हाईत हाय."

ज्वारीवर चिमण्या आल्या, तिनं हाकलल्या नाहीत.

"माझीच चूक, मावशी," केरबा म्हणाला. "म्या गडू हातात धरायला पायजे हुता. तिथं जेवणं वाढत हुती म्हणून ट्रंकेत घातला. रेडूसाठनं न्हाई."

"त्ये मला म्हाईत हाय रं. भाऊसोलाबी म्हाईत हाय." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "बातमी आज कळली. आंघूळ करायला पायजे. तूबी कर."

विहिरीला पाणी नव्हतं. घरात एक घागर होती, तिनं ती अर्धी-अर्धी केली. केरबा गोठ्याच्या मागं गेला आणि अर्ध्या घागरीत आंघोळ उरकली. कपडे ओले झाले तेच अंगावर ठेवून तो स्टँडवर आला. भाऊसो त्याला गाडीपर्यंत सोडायला आला. गाडी सुटताना भाऊसो म्हणाला, "थापी घ्या आता नवी."

दुसऱ्या दिवशी विश्रामबागेत माईणकरांनी फॉर्म पुढं केला. केरबा म्हणाला, "पंचवीस किलोंचं घ्यायचं. दोन किलो कमी करा."

"सातांसाठी तूच भांडलास ना?"

"त्ये माझ्या हत्यारांचं हुतं. गडू धरून नाथाजी दोन किलो भरला हुता. बराकीमागं म्या स्वता तोलला हुता, ट्रंक किती हुतीय बघाया. त्याचं किलोवर घ्यायचं न्हाई."

"छापील फॉर्म आहे. आकडा बदलता येत नाही. सगळं घे नाहीतर काही नाही."

केरबानं फॉर्म जवळ ओढला. मग त्यानं सही केली आणि सहीखाली पट्टी धरून मराठीत एक ओळ लिहिली : पंचवीस किलोंची भरपाई पोचली. दोन किलोंची घेतलेली नाही. केरबा ज्ञानू यादव, मु. पो. शेणोली, ता. कऱ्हाड, जि. सातारा.

माईणकरांनी ती वाचली आणि फॉर्म पाकिटात घातला. तो परदेशी मुख्य ऑफिसात जायचा होता.

महिन्याभरानं ड्राफ्ट आला. सत्तावीस किलोंचा.